चौघांची रापण आणि सर्व्हरचं बिल: पीटूपी घ्यावं की डेडिकेटेड?

मिरामारचा_वारा

मंडळी, मी आणि माझा मावसभाऊ दीड वर्ष रात्री जागून एक गेम करतोय. नाव सध्या ‘रापण’च. चार खेळाडू, किनाऱ्यावर रापण ओढायची. दोघे या दोराला, दोघे त्या दोराला. एका बाजूने जास्त ओढलं की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. गोडो ४ मध्ये केलाय, अँड्रॉइड आणि विंडोज दोन्हीवर चालतो. घरच्या वायफायवर चौघे बसून खेळलो, झकास चाललं.

आता बाहेर सोडायचा तर अडकलोय. डेडिकेटेड घ्यायचा म्हणजे गेम चालवायला वेगळं भाड्याचं मशीन, आणि बजेट महिन्याला जास्तीत जास्त १००० रुपये, तेही स्वतःच्या खिशातून. घरच्या चाचणीत बघितलं तर सर्व्हरकडून चौघांना मिळून तासाला साधारण ८०० एमबी जातात. पहिल्या महिन्यात २०० माणसं प्रत्येकी १० तास खेळली तर २००० तास, म्हणजे चौघांच्या रूमचे ५०० तास, म्हणजे ४०० जीबी. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला ०.१०९३ डॉलर. नुसत्या डेटाचेच ३३ डॉलर झाले, बजेटच्या जवळजवळ तिप्पट. मशीनचं भाडं वेगळं.

म्हणून भाऊ म्हणतो पीटूपी कर. चौघांतला एक होस्ट, बाकीचे तिघे त्याला जोडलेले, सर्व्हर नकोच. माझं मन घेत नाही, पण का घेत नाही हे मलाच नीट सांगता येत नाहीये. कुणी केलंय का असं काही?

---

फोंडेकर

यात विचारायचं काय? पीटूपी. आम्ही फोंड्याच्या कॅफेत तासाला २० रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळायचो तेव्हा कुठला आलाय सर्व्हर? एकजण ‘क्रिएट गेम’ दाबायचा, बाकीचे आत. फुकटात काम.

---

केपें_हॉलिडे_होम्स

आमच्या होमस्टेच्या वेबसाइटचं होस्टिंग वर्षाला २४०० रुपयांत आहे, अनलिमिटेड बँडविड्थ. तुम्हाला महिन्याला १००० म्हणजे खूपच झाले. नंबर पाहिजे तर व्यनि करा.

---

मिरामारचा_वारा

@केपें, धन्यवाद, पण त्या शेअर्ड होस्टिंगवर माझा प्रोग्राम सतत चालू ठेवता येत नाही हो. तिथे पान मागितलं की पान देतात. मला यूडीपीचा एक पोर्ट दिवसरात्र उघडा लागतो.

@फोंडेकर, कॅफेत सगळे एकाच स्विचला होते. इथे एक ताळगावला, एक मडगावला, एक पुण्याला आणि माझा आतेभाऊ कुवेतला.

---

केपें_हॉलिडे_होम्स

ओके. मला वाटलं गेमची वेबसाइट. गेम आला की सांगा, पाहुण्यांच्या पोरांना पावसात काहीतरी लागतं.

---

कुळागर

मी सात वर्षं पुण्यात एका छोट्या स्टुडिओत नेटवर्कचंच काम केलं, आता केरीला घरी परत आलेय. पीटूपी की डेडिकेटेड हे नंतर बोलू. आधी मला तो ८०० एमबीचा आकडा खटकतोय. रापण ओढणाऱ्या चार माणसांना तासाला ८०० एमबी कशाला लागतात? तुम्ही पॅकेटात घालताय काय?

---

मिरामारचा_वारा

कुळागरताई, जाळ्याच्या दोराला ७५ गाठी आहेत. फिजिक्स होस्टवर चालतं आणि प्रत्येक गाठीची जागा सगळ्यांना पाठवतो. सेकंदाला ६० वेळा, कारण गेम ६० फ्रेमवर चालतो.

---

कुळागर

सापडलं. ७५ गाठी, प्रत्येकीला तीन फ्लोट, म्हणजे १२ बाइट. ९०० बाइट झाले. वर आयपी आणि यूडीपीचे हेडर २८ बाइट. ९२८ गुणिले ६० म्हणजे एका खेळाडूला सेकंदाला ५५ केबीच्या वर, तासाला २०० एमबी. तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो सर्व्हरचा खर्च नाही, उधळपट्टीचा आहे.

असं करून बघा. ७५ गाठींऐवजी दोरावरचे १६ बिंदू पाठवा, मधल्या गाठी खेळाडूच्या फोनवर वक्र काढून भरा. मधली एखादी गाठ वीतभर इकडेतिकडे झाली तरी कुणाला कळणार नाही. मग फ्लोट काढून टाका आणि १६ बिटांचे पूर्णांक वापरा. तुमचा किनारा समजा २०० मीटर लांब आहे. २०० मीटरचे ६५५३६ भाग केले की एक भाग ३ मिलिमीटरचा येतो. रापणीला एवढी अचूकता चिक्कार झाली. १६ बिंदू गुणिले तीन आकडे गुणिले २ बाइट म्हणजे ९६. वर टिकचा नंबर ४ बाइट. एकूण १००. आणि हे सेकंदाला २० वेळाच पाठवा, मधल्या फ्रेमा फोनवर दोन पॅकेटांच्या मध्ये सरकवत काढा. फिजिक्स ६० वर चालू दे, पाठवणं तेवढं २० वर.

आता १२८ गुणिले २० म्हणजे सेकंदाला २५६० बाइट, माणशी तासाला ९ एमबीच्या आसपास. चौघांच्या रूमला ३७ एमबी. तुमचे ते ५०० रूम-तास साडेअठरा जीबीत बसतात. पहिल्या फुकटच्या १०० जीबीतच.

गोडोच्या मल्टिप्लेअर सिंक्रोनायझरने आपोआप हे होत नाही, स्वतः `PackedByteArray` भरावा लागेल. एका संध्याकाळचं काम आहे.

---

मिरामारचा_वारा

मी आत्ता खुर्चीत बसूनच राहिलोय. दीड वर्ष.

---

घुमट

एका गाठीपायी ४०० जीबी. यालाच म्हणतात रापण :)

---

फोंडेकर

पण मग ताई, साडेअठरा जीबी एवढंच असेल तर पीटूपीला तेही लागत नाहीत! शून्य ते शून्यच ना?

---

कुळागर

होस्टपर्यंत सगळे थेट पोचले तर शून्य. पण पोचतात का? धागाकर्त्याने मित्रांकडून एकदा मोजून घ्यावं. एकाच लोकल पोर्टवरून दोन वेगवेगळ्या स्टन सर्व्हरना विचारायचं की मी तुम्हाला बाहेरून कुठल्या पोर्टवर दिसतो. दोघांनी एकच पोर्ट सांगितला तर ठीक. वेगवेगळे सांगितले तर त्या माणसाचा राउटर किंवा मोबाइल कंपनीचा नॅट प्रत्येक समोरच्यासाठी नवा पोर्ट काढतो. मग समोरच्याला कुठल्या दारावर टकटक करायचं तेच कळत नाही.

---

मिरामारचा_वारा

चार दिवस गेले. छोटा प्रोग्राम लिहून १२ जणांना पाठवला. माझ्या घरच्या फायबरवर असं आलं:

```
stun.l.google.com:19302   -> 41203
stun.cloudflare.com:3478  -> 41203
```

आणि माझ्याच फोनच्या मोबाइल डेटावर असं:

```
stun.l.google.com:19302   -> 20917
stun.cloudflare.com:3478  -> 33468
```

मग १२ जणांच्या सगळ्या ६६ जोड्या लावून थेट जोडणी होते का ते बघितलं. ४७ झाल्या, १९ नाही झाल्या. न झालेल्या बहुतेक मोबाइल डेटा विरुद्ध मोबाइल डेटा. ४७ म्हणजे शेकडा ७१, वाईट नाही ना?

---

कुळागर

एका जोडीला वाईट नाही. पण होस्टला तिघे जोडायचेत. ०.७१ चा घन करा, ०.३६ येतो. म्हणजे तीनपैकी दोन रूममध्ये कुणीतरी एक बाहेर राहणार. आणि होस्ट न ठेवता सगळ्यांना सगळे जोडायचे म्हटलं तर सहा जोड्या, मग बोलायलाच नको.

खरं तर हा गुणाकार तंतोतंत लागू नाही, कारण जोड्या एकमेकींपासून सुट्या नाहीत. घरच्या फायबरवाला होस्ट झाला तर तिघेही बहुधा जोडले जातील, मोबाइलवाला झाला तर बाकीचे मोबाइलवाले बहुधा अडकतील. म्हणून पीटूपी करायचंच असेल तर ‘ज्याने रूम उघडली तो होस्ट’ हा नियम सोडून द्या. आधी चौघांचा नॅट तपासा आणि ज्याचा बरा त्याला होस्ट करा.

---

दोनापावलाचा_दीपस्तंभ

तुम्ही लोक २०१० सालात अडकलाय का? आता मोबाइलवर आयपीव्ही६ सर्रास मिळतो. प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता. नॅट नाही, स्टन नाही, काही नाही. आयपीव्ही६ वर होस्ट करा आणि मोकळे व्हा.

---

कुळागर

@दीपस्तंभ, निम्मं पटलं. पत्ता मिळतो हे खरं आणि पोर्ट बदलत नाही हेही मोठंच सुख. पण पत्ता आहे म्हणून दार उघडं आहे असं नाही. आतून कुणी आधी बोललं नसेल तर बाहेरून आलेलं पॅकेट फायरवॉल टाकून देतो, मोबाइल कंपनीचाही आणि घरच्या राउटरचाही. त्यामुळे दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवायचा खेळ करावाच लागतो आणि त्यासाठी पत्ते कळवणारा मध्यस्थ लागतोच. शिवाय चौघांपैकी एकाच्या घरच्या वायफायवर नुसता आयपीव्ही४ असला की तो बाहेर. आयपीव्ही६ आधी करून बघावं, नाही जमलं तर ४ वर यावं, एवढंच म्हणेन.

---

दोनापावलाचा_दीपस्तंभ

माझ्याकडे तरी चाललं. असो.

---

सत्तरीकर

माझा अनुभव सांगतो, उपयोगी पडला तर बघा. मी म्हटलं डेडिकेटेड म्हणजे काय, डेडिकेटेड असलेला कॉम्प्युटर. वाळपईला घरी जुना पीसी होता, त्यावर पुतण्याच्या मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर टाकला. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला. घरातून चालतो, बाहेरून नाही. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी राउटरच्या पानावर बघितलं तर त्याचा बाहेरचा पत्ताच १०० पूर्णविराम ६४ ने सुरू होणारा. म्हणजे माझ्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक मोठा नॅट, आणि तिथे मला कोण विचारतो? स्थिर आयपीसाठी वेगळे पैसे मागितले, तेही भरले.

मे महिन्यात झकास चाललं. जूनच्या पहिल्या गडगडाटात लाइट गेली, इन्व्हर्टरवर पीसी चार तास चालला आणि मग तोही झोपला. त्यानंतर आठवड्यातून तीनदा तेच. शेवटी एका रात्री वीज अशी कडाडली की राउटर आणि पीसीचं नेटवर्क कार्ड एकदमच गेलं. आई म्हणाली, बरं झालं, त्या खोलीत आता कोकम सुकवता येतील.

तेव्हा ज्यांच्या डोक्यात ‘घरीच ठेवूया की’ येत असेल त्यांनी मृगाआधी विचार करावा.

---

घुमट

कोकम सर्व्हर. अपटाइम बरा असणार.

---

पर्वरीची_पोर

एक बाळबोध शंका. खेळणारे गोव्यातलेच असतील तर पीटूपीत पिंग कमी नाही का येणार? मुंबईला जाऊन परत कशाला यायचं?

---

म्हापशेकर

@पर्वरीची_पोर, मलाही तसंच वाटायचं. म्हणून मी परवा `tracert` मारून बघितलं. म्हापशातल्या माझ्या घरच्या फायबरवरून मडगावच्या मित्राच्या घरच्या लाइनला, त्याची कंपनी वेगळी. मधल्या राउटरच्या नावांत मुंबई दिसली! माझी कंपनी आणि त्याची कंपनी एकमेकींना भेटतात मुंबईतच. पॅकेट म्हापशाहून मुंबईला जातं आणि मुंबईहून मडगावला येतं. थेट पिंग ३८ मिलिसेकंद. मग दोघांनी मुंबईतल्या एका मशीनला पिंग केलं, माझे १७, त्याचे २०. बेरीज ३७.

थोडक्यात, सर्व्हर मुंबईत ठेवला तर तो वाटेतच आहे, वाकडी वाट करावी लागत नाही. दोघे एकाच कंपनीचे असतील तर वेगळं निघेल कदाचित, ते मी बघितलं नाही.

---

पर्वरीची_पोर

बापरे. म्हणजे म्हापसा ते मडगाव व्हाया मुंबई. कदंबाने गेलं तर लवकर पोचेन.

---

फोंडेकर

कदंबाची पिंग दोन तास. जुवारी पुलावर पॅकेट लॉस.

---

म्हापशेकर

नवीन पूल झाल्यापासून तो लॉस कमी झालाय.

---

खाजेकार

विषयावर येऊ का? मी एक चारजणांचा लुडोसारखा गेम पीटूपीवर काढला होता, खेळाडूच्या फोनवरच होस्ट. नॅटचा त्रास मी रिलेने, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून पॅकेटं फिरवून सोडवला, पण ज्याने गेम मेला ती गोष्ट इथे अजून कुणी बोललंच नाही. ती म्हणजे फोन येणे.

होस्ट खेळतोय आणि त्याला आईचा फोन आला. त्याने उचलला, गेम मागे गेला. अँड्रॉइडवर अ‍ॅप मागे गेलं की गेमचा लूप थांबतो. होस्टच थांबला म्हणजे तिघांचं जग जागच्या जागी गोठलं. लुडोत एकवेळ चालतं. तुमच्या रापणीत दोर हवेत लटकणार. काहींच्या फोनमध्ये बॅटरी वाचवणारं सेटिंग मागे गेलेलं अ‍ॅप थोड्या वेळात मारूनच टाकतं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत ‘गेम हँग होतो’ हीच सगळ्यात जास्त. आठवडाभर मी ते स्वतःच्या कोडमध्ये शोधत होतो, शेवटी लॉगमध्ये होस्टच्या फोनवर गेम पॉज झाल्याची वेळ आणि तिघांची पॅकेटं थांबल्याची वेळ एकच निघाली.

---

मिरामारचा_वारा

@खाजेकार, हे मला सुचलंच नव्हतं. होस्ट बदलून घेता येत नाही का मधेच?

---

खाजेकार

येतो, पण ते लिहिणं म्हणजे दुसरा गेम लिहिणं. कोण नवा होस्ट हे तिघांनी एकमताने ठरवायचं, ते एकमेकांना आधीपासून जोडलेले असायला हवेत, आणि जुना होस्ट फोन ठेवून परत आला की त्याला वाटतं अजून मीच राजा. मला दोन महिने लागले आणि तरी पक्कं झालं नाही.

---

कुळागर

तुमची स्थिती १०० बाइटचीच आहे, सगळ्यांकडे ताजी प्रत असतेच, त्यामुळे होस्ट बदलणं इतरांपेक्षा सोपं जाईल. तरी खाजेकारांशी सहमत, दोन माणसांच्या टीमने त्यात पडू नये.

आता रिलेबद्दल. खाजेकारांनी नॅटचा त्रास रिलेने सोडवला म्हणाले. तो रिले कुणाचा होता?

---

खाजेकार

माझाच. भाड्याच्या एका व्हीपीएसवर कोटर्न हा रिलेचा प्रोग्राम टाकला होता.

---

कुळागर

मग मजा बघा. वरचेच आकडे धरून, सगळे रिलेतून जाताहेत असं समजू. होस्टकडून तिघांना स्थिती जाते, प्रत्येकी १२८ बाइट, सेकंदाला २० वेळा. रिलेतून बाहेर ७६८० बाइट. तिघांकडून होस्टला बटणं जातात, समजा १२ बाइट आणि हेडर मिळून ४०, सेकंदाला २० वेळा. आणखी २४०० बाहेर. एकूण १००८०.

डेडिकेटेडमध्ये सर्व्हर चौघांना स्थिती पाठवतो, १२८ गुणिले २० गुणिले ४, म्हणजे १०२४०. बटणं आत येतात, आत येणाऱ्याचे पैसे लागत नाहीत.

१००८० विरुद्ध १०२४०. ज्या रूमला रिले लागला तिथे पीटूपीने डेटाचा एक रुपयाही वाचवला नाही. वाचला तो फक्त सीपीयू. आणि त्या बदल्यात तुम्ही होस्टचे फोन, होस्टचा अपलोड, नॅटची तपासणी हे सगळं गळ्यात बांधून घेतलं.

---

खाजेकार

हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर. पण एक आहे, सगळ्या रूमना रिले लागत नाही. माझ्याकडे निम्म्याहून जास्त थेट जोडल्या जायच्या.

---

दोनापावलाचा_दीपस्तंभ

आणि स्वतःचा रिले कशाला? एपिकच्या ऑनलाइन सर्व्हिसेसमध्ये पीटूपी आहे, रिले सकट, फुकट, अँड्रॉइडवरही चालतो. गेम स्टीमवर असेल तर व्हॉल्व्हचं रिले नेटवर्क वापरायला मिळतं, त्याचेही पैसे नाहीत. हा पर्याय कुळागरताईंच्या हिशोबात कुठे बसला?

---

कुळागर

बसला नाही, बरोबर धरलंत. तो घेतला तर डेटाचा खर्च खरोखर शून्य आणि नॅटचा त्रासही त्यांचा. गेम फक्त पीसीवर असता तर मी तेच सुचवलं असतं. इथे मोबाइल होस्टचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि गोडोत ते बसवायला बाहेरचं प्लगइन लागतं. पण बजेट खरंच शून्य असेल तर तोच रस्ता.

---

फोंडेकर

आणि चोरी? होस्टच्या फोनवर सगळं चालतं म्हणजे होस्ट म्हणेल, माझ्या जाळ्यात शंभर विसवण आले.

---

मिरामारचा_वारा

सगळे एकाच बाजूला आहेत ना, चौघे मिळून एकच रापण. स्वतःच्याच टीमला फसवून काय मिळणार?

---

पर्वरीची_पोर

लीडरबोर्ड आहे का?

---

मिरामारचा_वारा

... आहे. आठवड्याची सगळ्यात मोठी रापण. नाक्यावरच्या ग्रुपची नावं वर येतात, त्यासाठीच तर लोक खेळतील.

---

पर्वरीची_पोर

मग झालं.

---

घुमट

मी तरी फसवणारच. खारेबांधच्या पोरांना खाली पाडायला मी फोन रूट करेन.

---

सत्तरीकर

लीडरबोर्ड काढून टाका. रापणीत वाटा समान असतो, नंबर कसला?

---

फोंडेकर

होडी आणि जाळ्याच्या मालकाचा वाटा वेगळा असतो हो, समान कुठला. होस्ट म्हणजे मालकच.

(यावर पुढे रापणकारांच्या वाट्यांवर बरीच चर्चा झाली ती वेगळ्या धाग्यावर न्यावी ही विनंती.)

---

मिरामारचा_वारा

तीन आठवड्यांनी परत आलो. काय केलं ते लिहितो, कुणाच्या तरी कामाला येईल.

पॅकेट १०० बाइटवर आणलं, सेकंदाला २० वेळा. एक सामान्य व्हीपीएस घेतला, महिन्याला ६ डॉलर, १ जीबी रॅम, १ टीबी डेटा आतच. बजेटच्या निम्म्याच्या आसपास. आमच्या मापाने १ टीबीत २७००० रूम-तास बसतात, म्हणजे डेटाची काळजी मिटली. रूम उघडली की एक प्रोसेस सुरू होते, रिकामी झाली की बंद:

```
./rapan.x86_64 --headless -- --port=7801
```

आता अडलं ते रॅमवर. एक प्रोसेस ७५ एमबीच्या आसपास खाते, त्यामुळे एका वेळी दहा रूम झाल्या की मशीन भरतं. भाऊ म्हणतो एकाच प्रोसेसमध्ये सगळ्या रूम घे. घेईन, पण मग एक रूम कोसळली की दहाही जाणार.

शनिवारी संध्याकाळी आठ रूम असताना सगळ्यांचा दोर थरथरायला लागला. पिंग ठीक, डेटा ठीक. `top` उघडलं तर `st` चा आकडा १८ वर. म्हणजे आमच्या वाट्याचा सीपीयू त्याच मशीनवरचे शेजारी खात होते. सर्व्हरवरचं फिजिक्स ६० वरून ३० वर आणलं, तेव्हापासून थरथर नाही.

भावाचं समाधान म्हणून त्याच्या पीटूपीचा कोड काढून टाकला नाही. एकाच वायफायवर चौघे असतील तर अजून तोच चालतो, नेट नसलं तरी. लीडरबोर्डवर मात्र ती रापण धरत नाही.

---

खाजेकार

हे बेस्ट. लाइट गेल्यावर हॉटस्पॉट लावून पोरं खेळतील.

---

केपें_हॉलिडे_होम्स

हेच मी म्हणत होतो. पावसात पाहुण्यांना.

---

मिरामारचा_वारा

एक राहिलं. कुवेतचा आतेभाऊ म्हणतो दोर रबरासारखा वाटतो. त्याची पिंग ९० च्या वर असते. शिवाय पॅकेटं सरकवून दाखवायला मी चित्र १०० मिलिसेकंद मागे ठेवलंय. त्याने बटण दाबलं की दोर हलायला पाव सेकंद जातो. काय करू?

---

कुळागर

त्याच्या हाताजवळचा दोर त्याच्याच फोनवर लगेच हलवा, बाकीचा सर्व्हर सांगेल तसा. मग दोन्ही हळूहळू जुळवा.

---

खाजेकार

असं नका करू. चौघे एकच दोर ओढताहेत, त्याचा हात पुढे आणि दोर मागे असं दिसेल, आणि जुळवताना झटका बसेल. त्यापेक्षा मागे ठेवायचा वेळ १०० वरून ६० वर आणा, एखादं पॅकेट हुकलं तर हुकलं.

---

कुळागर

६० वर आणलं तर मोबाइल डेटावाल्यांचा दोर दर दोन मिनिटांनी अडखळेल. वायरवर बसून ते कळत नाही, मिरामारला किनाऱ्यावर जाऊन मोबाइलवर खेळून बघा.

---

मिरामारचा_वारा

रविवारी दोन्ही बिल्ड घेऊन जातो. कोण येतंय? तिघे हवेत, मोबाइल डेटावाले.

---

घुमट

मी. पण माझा फोन रूट केलेला आहे.